आजारपणाचा दाखला आणि त्यातल्या तारखा

आपल्या भागात आता अनेकांच्या घरी कोणी ना कोणी नोकरीत आहे. कोणी शाळेत शिपाई आहे, कोणी तलाठ्याच्या कचेरीत आहे, कोणी जंगल खात्यात वनरक्षक आहे. नोकरीवाला माणूस आजारी पडला की त्याला दोन गोष्टी लागतात. एक औषध, आणि दुसरा कागद. औषध कसे घ्यावे हे डॉक्टर समजावून सांगतात. कागद मात्र घडी घालून खिशात जातो आणि तसाच साहेबाच्या टेबलावर पोचतो. मधे तो कोणी वाचतच नाही.

या कागदाला कोणी डॉक्टरी सर्टिफिकेट म्हणतात, कोणी आजारपणाचा दाखला म्हणतात. आम्ही इथे दाखला हाच शब्द वापरू. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा हा कागद डॉक्टरांच्या समोरच वाचून पाहावा. तो कसा वाचायचा, हेच या पाठात सांगायचे आहे.

दाखला तीन प्रश्नांची उत्तरे देतो. माणसाला काय झाले आहे? त्याला किती दिवस विश्रांती हवी? आणि तो कामाला योग्य केव्हा झाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर असतात. तिसऱ्याचे उत्तर दुसऱ्या कागदावर असते. त्या दुसऱ्या कागदाला तंदुरुस्तीचा दाखला म्हणतात. लोक त्याला फिटनेस म्हणतात. पुष्कळ जणांना वाटते, एक कागद दिला की काम झाले. तसे नाही. दोन्ही कागद लागतात, आणि दोन्हींच्या तारखा साखळीच्या कड्यांसारख्या एकमेकींत अडकाव्या लागतात. कडी तुटली की पगार तुटतो.

हे उदाहरणाने पाहू.

एका वनरक्षकाचे उदाहरण

समजा, नागझिऱ्याच्या जंगलात एक वनरक्षक आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत. पाहुण्यांसाठी जंगल बंद आहे, पण वनरक्षकाची गस्त बंद नसते. बांधावरून, नाल्यावरून रोज पायी फिरायचे आणि रात्री जंगलातल्या चौकीत राहायचे. आपल्या भागात पावसाळ्यात हिवताप असतोच. 5 जुलैच्या संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला. 6 जुलैचा दिवस त्याने चौकीतच अंगावर कांबळे घेऊन काढला. 7 जुलैला सोबत्याने त्याला मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी तपासले. बोटातून रक्त घेऊन काचपट्टी केली. हिवताप निघाला. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि 10 दिवस विश्रांती घ्या म्हणून सांगितले. त्यांनी दाखला लिहिला, तो असा होता.

वर वनरक्षकाची सही. त्याखाली डॉक्टर म्हणतात की, ज्यांची सही वर आहे त्यांना मी स्वतः काळजीपूर्वक तपासले, त्यांना हिवताप झाला आहे, आणि तब्येत सुधारण्यासाठी त्यांनी 7 जुलैपासून 16 जुलैपर्यंत, म्हणजे 10 दिवस, कामापासून दूर राहणे आवश्यक आहे. शेवटी तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा नोंदणी क्रमांक.

आता यातला एकेक भाग नीट पाहू.

वर आजाऱ्याची सही कशाला?

आजारी माणूस आणि दाखल्यातला माणूस एकच आहे, हे कळावे म्हणून. ज्याला सही येत नाही त्याने अंगठा द्यावा. सहीशिवाय ओळखीची एखादी खूणही लिहितात. उजव्या गालावर तीळ, डाव्या गुडघ्यावर जुना व्रण, असे काहीतरी. डॉक्टरांसाठी 2002 साली जे वर्तणुकीचे नियम झाले, त्यांत हे सांगितलेले आहे. सही किंवा अंगठा, पत्ता आणि निदान एक तरी खूण दाखल्यावर हवी. डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यांची एक नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक दाखल्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, असेही त्या नियमांत आहे. म्हणून डॉक्टर खूण विचारू लागले तर संकोच करू नये. ती आपल्याच सोयीची आहे. उद्या कागद पावसात भिजला किंवा हरवला, तर त्या वहीतली नोंद आपल्या उपयोगी पडते.

नोंदणी क्रमांकाचेही असेच आहे. डॉक्टर नोंदणी झालेले आहेत की नाहीत, हे त्या आकड्यावरून कचेरीला तपासता येते. गावात सुई टोचणारा जो बिननोंदणीचा इसम असतो, त्याच्या चिठ्ठीला दाखल्याची किंमत नाही. आशाताई गावातच रक्त तपासून हिवताप आहे की नाही ते सांगतात. ते काम मोलाचे आहे. पण दाखला देण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जावेच लागते.

आजाराचे नाव आणि विश्रांतीचे दिवस

दाखल्यात नुसते "आजारी होते" एवढे लिहून भागत नाही. आजार कोणता आणि तो साधारण किती दिवस चालेल, हे त्यात यावे लागते. रजा देणारा अधिकारी डॉक्टर नसतो. आजाराचे नाव वाचून आणि दिवस पाहून, दोहोंचा मेळ बसतो की नाही एवढेच तो पाहू शकतो. साध्या सर्दीपडशाला दोन महिन्यांची विश्रांती लिहिली असेल, तर त्याला शंका येणारच. मग तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे सिव्हिल सर्जनकडे, पुन्हा तपासणीसाठी पाठवू शकतो. नियमाने त्याला तो अधिकार आहे. खरोखर आजारी असलेल्या माणसाने अशा तपासणीला भिण्याचे कारण नाही. मात्र बोलावणे आले की लवकर जावे. बरे झाल्यावर गेलो तर तिथले डॉक्टर काय तपासणार?

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. औषधाचे दिवस आणि विश्रांतीचे दिवस एकच नसतात. आपल्या वनरक्षकाला जो हिवताप झाला, त्याचे जंतू काळजात, म्हणजे यकृतात, दडून बसतात आणि पुढे पुन्हा ताप आणतात. म्हणून त्याला काही गोळ्या 3 दिवसांच्या आणि काही 14 दिवसांच्या दिल्या. 7 जुलैला सुरू केलेल्या 14 दिवसांच्या गोळ्या 20 जुलैला संपतात. विश्रांती मात्र 16 जुलैपर्यंतच लिहिली आहे. म्हणजे गोळ्या चालू असतानाही माणूस कामाला योग्य होऊ शकतो. "माझ्या गोळ्या अजून संपल्या नाहीत, म्हणून मी घरी राहिलो," हे उत्तर कचेरीत चालत नाही. आणि उलट बाजूनेही, "रजा संपली, आता गोळ्या कशाला," असे म्हणून औषध सोडले तर ताप परत येतो.

तारखा मोजायच्या कशा?

7 जुलैपासून 16 जुलैपर्यंत किती दिवस झाले? घाईत लोक 16 मधून 7 वजा करतात आणि 9 म्हणतात. पण पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरायचे असतात. बोटांवर मोजून पहा. 7, 8, 9, 10, 11, 12, 13, 14, 15, 16. दहा झाले.

दाखल्यावर नुसते "10 दिवस विश्रांती" असे लिहिले असेल तर तो अपुरा समजावा. दहा दिवस कुठून कुठवर? कारकून एक धरील, आपण दुसरे धरू, आणि मग एका दिवसावरून वाद होईल. "पासून" आणि "पर्यंत" या दोन्ही तारखा आकड्यांत असाव्यात. दाखला इंग्रजीत असला तरी आकडे आपल्याला वाचता येतात. "फ्रॉम" म्हणजे पासून, "टू" म्हणजे पर्यंत. तेवढे डॉक्टरांकडून वाचून घ्यावे. तारीख चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी, आणि दुरुस्तीशेजारी डॉक्टरांची छोटी सही घ्यावी. घरी येऊन आपल्या पेनाने 6 चा 8 करू नये. डॉक्टरांजवळच्या प्रतीत 6 च राहतो, आणि मग खरा आजारही खोटा ठरतो.

आता 6 जुलैचे काय? त्या दिवशीही वनरक्षक तापाने पडलेलाच होता. पण डॉक्टरांनी त्याला पाहिले ते 7 तारखेला. "मी स्वतः तपासले" असे ते लिहितात, तेव्हा न पाहिलेल्या दिवसाची साक्ष ते देऊ शकत नाहीत. फार तर, "5 तारखेपासून ताप असल्याचे रुग्ण सांगतो," एवढे ते लिहितील. मागची तारीख घालून द्या, म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये. खोटा दाखला दिला तर डॉक्टरांचे नाव नोंदणीतून काढले जाऊ शकते, आणि तो कायद्याने गुन्हाही आहे.

मग 6 तारीख वाऱ्यावर सोडायची काय? नाही. त्या दिवशीच चौकीतल्या सोबत्याबरोबर वनपालाकडे दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी, की मला ताप आला आहे, आज कामावर येऊ शकत नाही. जंगलात फोन लागेलच असे नाही, पण चिठ्ठी जाते. पुढे रजेच्या अर्जात 6 तारीख वेगळी दाखवावी आणि त्या दिवसाची रजा मागावी. ती द्यायची की नाही, कोणत्या खात्यातून द्यायची, हे अधिकारी ठरवील. पण निरोप वेळेवर पोचला होता, हे त्याला कागदावर दिसेल.

दाखला म्हणजे रजा नव्हे

हा गैरसमज सगळ्यांत मोठा आहे. डॉक्टर रजा देत नाहीत. ते फक्त शिफारस करतात. रजा देणारा अधिकारी वेगळा. दाखल्याबरोबर अर्ज पाठवावा लागतो आणि मंजुरीचा हुकूम यावा लागतो. आम्ही शाळेत कारभार पाहत होतो तेव्हा असे पुष्कळ कागद टेबलावर येत. दाखला असे, पण अर्जच नसे. मग कारकून तो नुसता फायलीत लावून ठेवी, आणि महिनाअखेर पगार कापला की माणूस धावत येई.

सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 आहेत. त्यांत कायम नोकराला दर वर्षाच्या नोकरीबद्दल 20 दिवस अर्धपगारी रजा जमा होते. तिला अर्धवेतनी रजा म्हणतात. ती घेतली तर त्या दिवसांचा पगार अर्ध्याच्या हिशोबाने मिळतो. पण डॉक्टरी दाखला असेल तर तीच रजा पूर्ण पगारात बदलून मागता येते. तिला परावर्तित रजा म्हणतात. अट एवढीच, की जितके दिवस रजा घ्याल त्याच्या दुप्पट दिवस खात्यातून वजा होतात.

आपल्या वनरक्षकाची 6 वर्षे नोकरी झाली आहे आणि त्याने ही रजा कधी घेतलेली नाही. 6 गुणिले 20, म्हणजे 120 दिवस खात्यात आहेत. त्याने 10 दिवसांची परावर्तित रजा घेतली तर 20 दिवस वजा होतील आणि 100 उरतील. पगार मात्र पुरा मिळेल. इथेच दाखल्याची किंमत कळते. पण अर्जात "परावर्तित रजा मिळावी" असे स्पष्ट लिहिले पाहिजे. नुसते "रजा मिळावी" लिहिले, तर कोणत्या खात्यातून काढावी हे कचेरीला कसे कळणार?

रोजंदारीवरच्या मजुराला हा हिशोब लागू होत नाही. त्याच्या खात्यात अशी रजा जमा होत नसते. त्याने आपल्या कामाच्या ठिकाणी कोणते नियम आहेत ते आधी विचारून घ्यावे.

विश्रांती पुरली नाही तर

15 तारखेला वनरक्षकाचा ताप उतरलेला होता, पण उठून उभे राहिले की त्याला भोवळ येत होती. दहा दिवस संपायला एक दिवस बाकी होता. तो घरी बसून राहिला नाही. 16 तारखेला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेला. हिवतापाने रक्त कमी झाले आहे, असे तपासणीत दिसले. डॉक्टरांनी दुसरा दाखला दिला, 17 जुलैपासून 21 जुलैपर्यंत, 5 दिवस. त्याच दिवशी त्याने रजा वाढवून मागण्याचा अर्ज पाठवला.

कडी कशी अडकली ते पहा. पहिला दाखला 16 ला संपतो, दुसरा 17 ला सुरू होतो. मधे एकही दिवस मोकळा नाही. तो 19 तारखेला डॉक्टरांकडे गेला असता, तर 17 आणि 18 हे दोन दिवस कशातच बसले नसते. रजा संपल्यावर परवानगीवाचून घरी राहिलेल्या दिवसांना अनधिकृत गैरहजेरी म्हणतात. त्या दिवसांचा पगार जातोच, शिवाय चौकशीही होऊ शकते. आजार खरा असूनही हे होते, कारण कचेरी आजार पाहत नाही, कागद पाहते.

एकूण रजा झाली 15 दिवस. दुप्पट म्हणजे 30 दिवस खात्यातून गेले. 120 मधले 90 उरले.

तंदुरुस्तीचा दाखला

आता तिसरा प्रश्न. डॉक्टरी दाखल्यावर रजा घेतलेल्या सरकारी नोकराला तंदुरुस्तीचा दाखला दिल्याशिवाय कामावर रुजू होता येत नाही. या दाखल्यात डॉक्टर लिहितात की, मी यांना तपासले, हे आजारातून बरे झाले आहेत आणि आता नोकरीचे काम करण्यास योग्य आहेत. त्यात आणखी एक वाक्य असते. ज्या दाखल्यावर रजा मिळाली, तो मूळ दाखला किंवा त्याची खरी नक्कल मी पाहिली आहे, असे ते वाक्य सांगते. म्हणून पहिल्या दाखल्याची नक्कल काढून घरी ठेवावी आणि तंदुरुस्तीच्या दाखल्याला जाताना सोबत न्यावी. मूळ कागद कचेरीत दिला आणि हाती काहीच ठेवले नाही, तर त्या दिवशी हेलपाटा पडतो.

डॉक्टरांना आपले काम काय आहे, तेही सांगावे. बसून लिहिण्याचे काम असेल तर माणूस लवकर योग्य होतो. वनरक्षकाला दिवसभर पायी फिरायचे असते, तेही ओसाड ठिकाणी. वाटेत भोवळ आली तर हाक ऐकायला कोणी नसते, आणि नागझिऱ्यात वाघ, बिबटे, अस्वले आहेत. तंदुरुस्तीचा दाखला हा नुसता कचेरीचा सोपस्कार नाही, तो इथे कळतो. अजून अशक्तपणा वाटत असेल तर तो लपवू नये. काही दिवस हलके काम द्यावे, अशी शिफारस डॉक्टर करू शकतात. ती मानायची की नाही हे अधिकारी ठरवतो, पण कागदावर ती असलेली बरी.

आपला वनरक्षक 21 तारखेला डॉक्टरांकडे गेला. उभे राहून, चालवून, रक्त पाहून डॉक्टरांनी लिहून दिले, की हे 22 जुलैपासून कामाला योग्य आहेत. 22 ला सकाळी तो कागद घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात रुजू झाला. 22 चा दाखला खिशात ठेवून तो 25 ला गेला असता, तर 22, 23 आणि 24 हे तीन दिवस पुन्हा मोकळे राहिले असते. योग्य ठरलेला माणूस घरी का बसला, याचे उत्तर कोणत्याच कागदात सापडले नसते.

आता आपण मोजून पहा

एका शिपायाचा पहिला दाखला 3 ऑगस्टपासून 9 ऑगस्टपर्यंत आहे. दुसरा दाखला 11 ऑगस्टपासून 14 ऑगस्टपर्यंत आहे. तंदुरुस्तीचा दाखला 15 ऑगस्टपासून आहे.

पहिल्या दाखल्याचे दिवस किती? दुसऱ्याचे किती? आणि कोणती तारीख मोकळी राहिली?

पहिल्याचे 7, दुसऱ्याचे 4. मोकळी राहिली 10 ऑगस्ट. ती तारीख तुम्हाला स्वतःहून सापडली असेल, तर तुमच्या घरचा दाखला तुम्ही आता नक्की वाचू शकाल. मात्र तो डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी वाचा. चूक तिथेच दुरुस्त होते, कचेरीत होत नाही.